ओळखीचा आवाज आणि उलट फोन

२०१९ च्या मार्च महिन्यात ब्रिटनमधील एका ऊर्जा कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्याला दूरध्वनी आला. ही कंपनी एका जर्मन कंपनीच्या मालकीची होती आणि बोलत होते त्या जर्मन कंपनीचे प्रमुख. निदान या अधिकाऱ्याला तसे वाटले. इंग्रजी बोलताना डोकावणारी ती जर्मन लकब, बोलण्याची ती लय, सगळे ओळखीचे होते. काम तातडीचे होते. हंगेरीतील एका पुरवठादाराला तासाभरात २,२०,००० युरो पाठवायचे होते. अधिकाऱ्याने ते पाठवले.

थोड्या वेळाने त्याच आवाजात दुसरा फोन आला. तुमचे पैसे आम्ही इकडून परत पाठवले आहेत, असे त्यात सांगितले गेले. मग तिसरा फोन आला, आणखी एक रक्कम पाठवा म्हणून. आता मात्र अधिकाऱ्याच्या मनात शंका आली. परत पाठवलेले म्हणून सांगितलेले पैसे जमा झाले नव्हते आणि हा फोन ऑस्ट्रियातील क्रमांकावरून आला होता. त्याने दुसरी रक्कम पाठवली नाही. पुढे तर असा प्रसंग आला, की एका फोनवर तो खऱ्या प्रमुखांशी बोलत असताना खोटे प्रमुख दुसऱ्या फोनवर त्याची मागणी करत होते! पण पहिली रक्कम तोपर्यंत हंगेरीतून मेक्सिकोत आणि तेथून आणखी कुठे निघून गेली होती. कंपनीचा विमा उतरवणाऱ्या संस्थेने ही हकीकत सांगितली, तेव्हा तो आवाज संगणकाने तयार केलेला होता असे तिचे म्हणणे होते. आवाजाच्या नकलेने झालेल्या चोरीचे हे जगभर गाजलेले पहिले उदाहरण.

या हकीकतीत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. तिन्ही वेळा फोन लावला तो चोराने. अधिकाऱ्याने फक्त उचलला. पहिल्या फोननंतर त्याने रिसीव्हर ठेवून आपल्याजवळच्या जुन्या क्रमांकावर प्रमुखांना स्वतः फोन लावला असता, तर २,२०,००० युरो वाचले असते. आवाज कितीही हुबेहूब असला तरी त्याने काही फरक पडला नसता. असे का, आणि या साध्या कृतीचा कार्यालयात पक्का नियम कसा बनवायचा, हे या लेखात पाहू.

आधी आवाजाकडे वळू. आपण दूरध्वनीवर माणूस ओळखतो तो आवाजावरून, आणि ही ओळख आपल्याला फार खात्रीची वाटते. पण फोनवर आपल्या कानी पडते काय? जुन्या दूरध्वनी व्यवस्थेत सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ इतकाच पट्टा पलीकडे जातो. पुरुषाच्या आवाजाची मूळ कंपनसंख्या बहुधा १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास असते, म्हणजे ती या पट्ट्यात येतच नाही! तरी आपल्याला पुरुषाचा आवाज पुरुषाचाच ऐकू येतो, कारण मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्यांचे स्वर पलीकडे पोचतात आणि त्यांच्यावरून आपला मेंदू न आलेला मूळ स्वर भरून काढतो. वरच्या बाजूलाही तसेच. 'स' उच्चारताना जी सळसळ होते तिचा बराच भाग ४००० हर्ट्झच्या वर असतो. म्हणून अनोळखी आडनाव फोनवर सांगताना 'स' की 'फ' असा घोटाळा होतो आणि आपण 'समईतला स' असे सांगतो. वर्गात हा प्रयोग सहज करता येईल. अर्थ नसलेली दहा अक्षरे एकाने फोनवर वाचावीत, दुसऱ्याने लिहून घ्यावीत आणि चुका कोणत्या अक्षरांच्या होतात ते पाहावे. आजच्या मोबाइलवर पट्टा पुष्कळदा रुंद असतो, तेव्हा चुका कमी येतील, पण दोन वेगळ्या जाळ्यांमधून किंवा परदेशातून येणारा फोन अनेकदा पुन्हा अरुंद पट्ट्यावर येतो.

थोडक्यात, फोनवर आपण आवाज पुरता ऐकत नाही. थोडा ऐकतो आणि उरलेला ओळखीतून पूर्ण करतो. नक्कल करणाऱ्याला ही गोष्ट फार सोयीची आहे. त्याला आवाज पूर्ण बनवावा लागत नाही, आपण पूर्ण करू शकू इतपत बनवला की पुरे.

आणि तो बनवणे आता अवघड राहिलेले नाही. जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 'व्हॅल-ई' नावाच्या संगणकीय प्रारूपाची माहिती प्रसिद्ध केली. अनेक माणसांच्या इंग्रजी बोलण्याच्या सुमारे ६०,००० तासांच्या ध्वनिमुद्रणावर ते शिकवलेले होते. माणसाचा आवाज साधारणपणे कसा बदलतो हे त्या तासांमधून एकदा शिकून झाले, की एका विशिष्ट माणसाचे वेगळेपण टिपायला त्याला केवळ ३ सेकंदांचा नमुना पुरत असे. पुढे हवे ते वाक्य टंकित करावे, यंत्र ते त्या आवाजात बोलते. दुसरा एक प्रकार आहे, त्यात चोर स्वतः बोलतो आणि त्याचे बोलणे त्याच क्षणी दुसऱ्याच्या आवाजात बदलून पलीकडे जाते. त्यामुळे उलट प्रश्न विचारला तरी उत्तर मिळते. संचालकाच्या आवाजाचा नमुना मिळवायला कष्ट पडत नाहीत. वार्षिक सभेचे भाषण, मुलाखत, कारखान्याच्या समारंभाची चित्रफीत, यांतले काहीही चालते.

'आमचा कान फसणार नाही' असे अनेकांना वाटते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०२३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ५२९ जणांना खरे आणि कृत्रिम आवाज ऐकवून कोणता कोणता ते ओळखायला सांगितले होते. कृत्रिम आवाज १०० पैकी सुमारे ७३ वेळा ओळखला गेला. आधी नमुने ऐकवून तयारी करून घेतली, तरी निकालात फारशी सुधारणा झाली नाही. शिवाय यातले काही आवाज बनावट आहेत हे त्या लोकांना ठाऊक होते. महिनाअखेरीच्या गडबडीत संचालकांचा फोन घेणाऱ्या हिशेबनिसाच्या मनात असा प्रश्नच नसतो. म्हणून 'आवाज संशयास्पद वाटल्यास खात्री करून घ्यावी' हा नियम कुचकामी होय. नक्कल चांगली असेल तर संशय येणारच नाही, आणि नियम नेमका तेव्हाच झोपून राहील.

मग आवाज सोडून कशावर भरवसा ठेवायचा? फोनच्या पडद्यावर दिसणाऱ्या क्रमांकावर? त्यासाठी अंतर्देशीय पत्राची आठवण करू. पत्राच्या मागे 'प्रेषक' म्हणून एक जागा असते. तेथे पाठवणारा आपले नाव आणि पत्ता लिहितो. तेथे कुणी दुसऱ्याचेच नाव लिहिले, तर पोस्टमन ते तपासत नाही. पत्र मुकाट्याने आपल्या दारात येते. पण आपण एखाद्या पत्त्यावर पत्र टाकले, तर ते त्या पत्त्यावरच जाते. वाटेत कुणीतरी ते उचलावे यासाठी त्याला टपालखात्यात शिरावे लागेल.

दूरध्वनीचेही तसेच आहे. फोन करणाऱ्याचा क्रमांक म्हणून पडद्यावर जे येते, ती फोन जेथून निघाला तेथून सोबत पाठवलेली एक नोंद असते. इंटरनेटवरून फोन लावण्याच्या काही व्यवस्थांमध्ये ही नोंद हवी तशी भरता येते, आणि वाटेतली जाळी तिची नेहमीच शहानिशा करत नाहीत. परदेशातून लावलेले, पण पडद्यावर भारतीय क्रमांक दाखवणारे फोन इतके वाढले, की ते अडवण्यासाठी दूरसंचार विभागाला ऑक्टोबर २०२४ मध्ये खास यंत्रणा सुरू करावी लागली. याउलट, आपण जो क्रमांक फिरवतो तो फोन कुठे पोचवायचा हे त्या क्रमांकाची सेवा देणाऱ्या कंपनीच्या नोंदींवरून ठरते. फोन करणारा मी संचालक आहे असे म्हणू शकतो, पण संचालकांसाठी लावलेला फोन आपल्याकडे वळवणे त्याला तितके सोपे नाही. उलट फोनचे सगळे बळ दिशेच्या या फरकात आहे. चोराजवळ आवाज आहे, वाट नाही.

हाँगकाँगमधली २०२४ सालची घटना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या तेथील कर्मचाऱ्याला गुप्त व्यवहारासंबंधी निरोप आला. त्याला प्रथम शंका आली होती. पण नंतर चित्रसभेत, म्हणजे व्हिडिओवर, त्याला वरिष्ठ अधिकारी आणि ओळखीचे सहकारी दिसले, बोलले, आणि शंका मावळली. ती सारी चित्रे बनावट होती. १५ वेळा मिळून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर ५ खात्यांत गेले. मुख्य कार्यालयाकडे चौकशी केल्यावर उलगडा झाला. आवाजाच्या जोडीला चेहरा आला तरी सभेचे बोलावणे चोराचेच होते. पुरावा वाढल्यासारखा वाटला, पण आवाज आणि चेहरा दोन्ही एकाच दाराने आत आले होते.

एकाच दाराने आलेले दोन पुरावे हा एकच पुरावा होय. ही गोष्ट नियम आखताना पदोपदी लागते, म्हणून येथे थोडे थांबू. समजा, संचालकांचा मोबाइल क्रमांक आपण त्यांच्या ई-मेलच्या खाली छापलेल्या मजकुरातून घेतला, आणि पैसे पाठवण्याचा निरोपही त्याच ई-मेलने आला. चोराच्या हाती ती टपालपेटी असेल, तर खाली कोणता क्रमांक छापायचा हेही तोच ठरवेल. आपण मोठ्या सावधपणे उलट फोन करू आणि तो चोरच उचलेल. म्हणून ज्या क्रमांकावर उलट फोन करायचा तो निरोपाच्या आधीपासून, निरोपाशी संबंध नसलेल्या जागी लिहिलेला असला पाहिजे. आमच्या मते त्यासाठी साधी बांधीव वही सर्वांत उत्तम. ती कपाटात राहते आणि इंटरनेटवरून कुणाला तिची पाने फाडता येत नाहीत.

आता एक मध्यम आकाराचा कारखाना डोळ्यांपुढे आणू आणि नियम बनवायला बसू. संचालक दोन आहेत, हिशेबनीस एक, त्याच्या हाताखाली एक सहायक. महिन्याला ३०० च्या आसपास रकमा बाहेर जातात. त्यांतल्या बहुतेक ठरलेल्या: पगार, वीज, कच्चा माल, नेहमीचे पुरवठादार, नेहमीची खाती. या सगळ्यांसाठी फोन करत बसलो तर चार दिवसांत लोक नियमाला कंटाळतील आणि न करताच 'केला' अशी नोंद करू लागतील. म्हणून नियम कधी लागू होतो हे आधी ठरवले पाहिजे, आणि ते व्यवहाराकडे पाहूनच कळायला हवे, कुणाच्या मनातील शंकेवरून नव्हे. पैसे जाणार ते खाते नवे आहे का? जुन्या पुरवठादाराने खाते बदलले आहे का? रक्कम ठरवलेल्या मर्यादेच्या वर आहे का? बिल, खरेदीचा आदेश असे नेहमीचे कागद मागाहून येणार आहेत का? यांपैकी एकाचेही उत्तर 'होय' असेल तर उलट फोन झाल्याशिवाय पैसे जाणार नाहीत. ब्रिटनमधल्या त्या व्यवहारात निदान घाई आणि मोठी रक्कम तरी उघड होती. महिन्याला असे २० व्यवहार निघाले आणि प्रत्येकी १० मिनिटे लागली, तर एकूण वेळ २०० मिनिटे, म्हणजे ३ तास २० मिनिटे. एवढा वेळ कारखान्याला परवडावा.

फोन लावण्याची रीतही लिहून ठेवावी लागते. आलेला फोन आधी ठेवायचा. 'थांबा, मी लगेच खात्री करतो, लाइन चालू ठेवा' असे करायचे नाही. मग वहीतील क्रमांक पाहून एकेक आकडा स्वतः दाबायचा. आलेल्या फोनच्या यादीतील नावावर बोट ठेवून परत फोन लावायचा नाही, कारण तेथील नाव व चित्र वहीतील क्रमांकाचेच आहे याची खात्री नसते. शक्य असेल तर दुसऱ्याच उपकरणावरून फोन करावा. याला ब्रिटनमधील एक जुना धडा कारण आहे. तेथील तारेच्या दूरध्वनीत फोन करणाऱ्याने रिसीव्हर ठेवला नाही, तर दुसऱ्याने ठेवल्यावरही लाइन काही काळ जोडलेलीच राहत असे. चोर पलीकडून 'डायल टोन' वाजवीत, माणूस बँकेचा क्रमांक फिरवी आणि पुन्हा त्याच चोराशी बोलू लागे! पुढे तेथील दूरध्वनी कंपन्यांनी हा काळ काही सेकंदांवर आणला, पण दुसऱ्या उपकरणावरून फोन करण्याची सवय तेव्हापासून शहाणपणाची ठरली.

फोन लागला, खरे संचालक बोलू लागले. आता विचारायचे काय? येथे बहुतेक ठिकाणी घसरगुंडी होते. हिशेबनीस म्हणतो, "साहेब, ते अमुक कंपनीचे साडेअठरा लाख पाठवू ना?" साहेब गाडीत असतात, दुसऱ्या कुणाशी बोलत असतात, त्यांना वाटते ते मागच्या आठवड्यातले बिल असेल. ते म्हणतात, "हो हो, पाठवा." झाले! पडताळणी झाली आणि चोरीही झाली. म्हणून रक्कम आणि नाव आपण सांगायचे नाही, त्यांच्याकडून वदवून घ्यायचे. "साहेब, आज आपण मला एखादी रक्कम पाठवायला सांगितली आहे का? कुणाला, किती आणि कोणत्या खात्यात?" उत्तर जुळले तर पुढे. "मी? मी तर आज फोनच केला नाही" असे उत्तर आले तर पुढचे काम वेगळे. दोन्ही वेळा त्या वहीतच तारीख, वेळ, फिरवलेला क्रमांक आणि मिळालेले उत्तर लिहून फोन करणाऱ्याने सही करावी.

साहेब फोन उचलत नसतील तर? चोराने बहुधा हीच वेळ निवडलेली असते: संचालक विमानात आहेत, परदेशात आहेत, बैठकीत आहेत. अशा वेळी वहीतील दुसऱ्या संचालकांना त्यांच्या वहीतील क्रमांकावर फोन करावा. तेही मिळाले नाहीत तर रक्कम थांबते. बस्स. 'एक तास वाट पाहून मग पाठवावी' अशी पळवाट ठेवली, तर चोर तासभर वाट पाहील, त्याला काय घाई? आपल्याकडे १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालते आणि त्यावरून गेलेले पैसे मिनिटांत पलीकडे जमा होतात. बँक बंद होण्याआधी पाठवलेच पाहिजेत, ही सबब त्यामुळे आता बरीचशी गेली आहे. रात्री दहाला साहेब भेटले तर रात्री दहाला पाठवता येतील.

यापुढचा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्यात तंत्र असे काहीच नाही. हिशेबनीस फोन ठेवून उलट फोन का करत नाही? त्याला नियम माहीत असतो. पण पलीकडून साहेब रागावलेले असतात. "माझा आवाज ओळखत नाहीस? दहा वर्षं काम करतोयस ना? माझ्या शब्दावर पाठव, मी बघतो पुढचं." आपल्याकडे वरिष्ठाला 'थांबा, खात्री करतो' म्हणणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे असे समजले जाते, आणि चोर नेमक्या याच संकोचावर भिस्त ठेवतो. तेव्हा नियमातून सूट देण्याचा अधिकार जर संचालकांजवळ असेल, तर तो अधिकार त्यांच्या आवाजाजवळही आहे, म्हणजेच चोराजवळ आहे. यावर उपाय एकच. हा अधिकार संचालकांनी स्वतः, आधीच, लेखी सोडून द्यायचा. त्या कारखान्याच्या संचालकांनी काढावयाचा आदेश काहीसा असा असेल:

"नव्या किंवा बदललेल्या खात्यात अथवा ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त रक्कम पाठवण्यास मी दूरध्वनीवर, संदेशाने किंवा चित्रसभेत सांगितले, तरी वहीतील क्रमांकावर मला उलट फोन केल्याशिवाय ती पाठवू नये. या नियमातून सूट देण्याचा अधिकार मला नाही. मी सूट मागितली तर बोलणारा मी नाही असे समजावे. फोन ठेवून खात्री करणाऱ्या कर्मचाऱ्यास विलंबाबद्दल कोणीही जबाब विचारणार नाही."

या आदेशाची प्रत हिशेबनिसाच्या टेबलावर काचेखाली ठेवावी. त्यामुळे त्याला 'माझा विश्वास नाही' असे म्हणावे लागत नाही. "साहेब, आपलाच आदेश आहे, फोन ठेवतो आणि लगेच आपल्याला लावतो" एवढेच म्हणायचे. खरे साहेब अर्ध्या मिनिटात पुन्हा फोनवर असतात. खोटे साहेब याच क्षणी आवाज चढवतात, नवा क्रमांक देतात किंवा 'मी बैठकीत आहे, या नंबरवर लागणार नाही' असे सांगतात.

याऐवजी एखादा गुप्त शब्द ठरवला तर, असे काहीजण विचारतील. २०२४ च्या जुलै महिन्यात फेरारी कंपनीतील एका अधिकाऱ्याला कंपनीचे प्रमुख बेनेडेट्टो विन्या यांच्या आवाजात फोन आला. दक्षिण इटलीची बोलण्याची ढब बरोबर जमली होती. अधिकाऱ्याला शंका आली. त्याने विचारले, काही दिवसांपूर्वी आपण मला कोणते पुस्तक वाचायला सुचवले होते? फोन कट झाला. प्रश्न नामी होता यात वाद नाही. पण तो सुचला म्हणून वाचले, आणि सुचला तो शंका आल्यामुळे. गुप्त शब्दाचीही अशीच अडचण आहे. तो विसरला जातो, वहीच्या कडेला लिहिला जातो, आणि घाबरलेला माणूस तो चोरापुढे स्वतःच उच्चारून मोकळा होतो: "साहेब, आपला तो 'अमुक' शब्द सांगा ना!" उलट फोनात लपवण्यासारखे काहीच नाही. चोराला पूर्ण नियम वाचून दाखवला तरी त्याचे बळ कमी होत नाही, आणि चांगल्या कुलपाची हीच खूण मानतात. मोठ्या रकमेसाठी गुप्त प्रश्न जोडीला घ्यावा, त्याच्या जागी नव्हे.

या नियमाला छिद्रे नाहीत असे मात्र नाही. संचालकांचे सिमकार्ड हरवल्याचा बनाव करून चोराने त्याच क्रमांकाचे दुसरे सिम मिळवले, किंवा त्यांना फसवून फोन दुसरीकडे वळवण्याचा संकेत दाबायला लावला, तर आपण फिरवलेला बरोबर क्रमांक चोराकडेच वाजेल. `*401#` या प्रकारचा संकेत दाबून फोन वळवण्याची सोय आपल्याकडे एप्रिल २०२४ मध्ये दूरसंचार विभागाने थांबवायला लावली, ती अशाच फसवणुकींमुळे. सिमची चोरी झाली तर खऱ्या धन्याचा मोबाइल एकाएकी मुका होतो. 'माझा फोन सकाळपासून बंद आहे' असे संचालकांनी दुसऱ्या मार्गाने कळवले, तर त्या दिवशी त्यांचा क्रमांक वहीत लाल शाईने खोडून ठेवावा. आणि फार मोठ्या रकमेसाठी एकाऐवजी दोन्ही संचालकांना, दोन निरनिराळ्या क्रमांकांवर फोन करावा. एकाच दिवशी दोन वाटा ताब्यात घेणे चोराला एक वाट घेण्यापेक्षा पुष्कळ कठीण जाते.

वहीतील क्रमांक बदलण्याची वाटही अशीच अरुंद ठेवावी लागते, नाहीतर चोर आधी क्रमांक बदलून घेईल आणि आठवड्याने पैसे मागेल. "माझा नवा नंबर लिहून घ्या" असा फोन आला तर तो लिहून घ्यायचा नाही. संचालकांनी प्रत्यक्ष समोर येऊन वहीत सही करावी, आणि नवा क्रमांक सात दिवसांनी लागू व्हावा. पुरवठादाराने खाते बदलल्याचे पत्र पाठवले, तर त्याच्या पत्रावरील नव्हे, तर जुन्या बिलावरील क्रमांकावर फोन करावा.

इतके करूनही रक्कम गेलीच, तर पहिला फोन आपल्या बँकेला आणि दुसरा १९३० या क्रमांकावर. आर्थिक सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी हा देशभर चालणारा क्रमांक आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाण्यापूर्वी ते गोठवता आले तर आले. म्हणून हे दोन्ही क्रमांकही वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेले असावेत.

शेवटी तालमीविषयी. शाळेत आगीची तालीम होते, तशी याचीही घ्यावी. तीन महिन्यांतून एकदा संचालकांनी न सांगता, गर्दीच्या दिवशी, हिशेबनिसाला फोन करून नव्या खात्यात तातडीने रक्कम पाठवायला सांगावे. थोडे रागवावेही. हिशेबनिसाने फोन ठेवला, वही काढली, क्रमांक फिरवला आणि "कुणाला, किती?" असे विचारले, तर तालीम पार पडली. त्याने पैसे पाठवायला घेतले तर त्याला बोल लावण्याआधी संचालकांनी तो लेखी आदेश पुन्हा वाचावा, आणि आधीच्या तीन महिन्यांत आपण स्वतः किती वेळा 'या खेपेला राहू द्या' म्हणालो ते वहीत मोजावे.